फ्लॅशबॅक (लघुपटातील)

चालू प्रसंग मध्येच थांबवून आधी घडून गेलेला प्रसंग दाखवण्याची कथनपद्धती. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या हिंदी चित्रपटाला हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा आधार आहे. त्यात नायिकेचे बालपण कृष्णधवल दिसते आणि वर्तमान रंगीत. पूर्ण लांबीच्या चित्रपटात प्रेक्षकाला असा संकेत अंगवळणी पडायला सवड मिळते. दहा-बारा मिनिटांच्या लघुपटात ती नसते. शिवाय रंग बदलला की हा भूतकाळ आहे एवढेच कळते. तो आत्ताच का आठवला, हे कळत नाही. ते काम आधीच्या दृश्याला करावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरात घडणारी एक कल्पित कथा घेऊ. वडिलोपार्जित शेतातला हिस्सा भावाच्या नावे सोडायला बहीण कचेरीत आली आहे. अंगठ्याला शाई लागते, हात कागदावर येतो आणि अधांतरी थांबतो. भाऊ म्हणतो, ‘‘ताई, दे ना अंगठा.’’ ती हलत नाही. ही का थांबली, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहिला की मागे जाण्याची वेळ झाली. हात थांबण्याआधीच उडी मारली, तर तोच प्रसंग कारणाशिवाय घुसवल्यासारखा वाटतो.

पुढच्या चित्रात त्याच जागी, तेवढ्याच आकारात दुसरा अंगठा दिसतो: बापाचा, सावकाराच्या कागदावर. पंख्याची घरघर चित्र बदलण्याच्या सेकंदभर आधीच विरते आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज सुरू होतो. दारात दहा वर्षांची मुलगी उभी आहे. तिच्या मनगटावर गोंदण आहे. तेच गोंदण कचेरीत, शाई लावताना, प्रेक्षकाने पाहिलेले असते. त्यामुळे ही मुलगी कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. गोंदण आधी दाखवायचे राहिले, तर मात्र ती भावाची मुलगी वाटू शकते.

ही आठवण बहिणीची आहे, म्हणून कॅमेरा मुलीच्या उंचीवर, दारापाशीच राहतो. बाप कागद न वाचता अंगठा देतो, एवढेच तिला दिसते. सावकार नंतर घरी जाऊन काय बोलला, हे दाखवण्याचा मोह पटकथेत हमखास होतो. पण ती तिथे नव्हती, आणि ते दाखवताच आठवण कोणाची हे धूसर होते. दीड-दोन मिनिटे पुरतात.

परतताना पुन्हा तोच अधांतरी अंगठा, तीच घरघर. कचेरीत जेमतेम क्षणभर गेला आहे. बहीण म्हणते, ‘‘आधी वाचून दाखव.’’ मागचा प्रसंग कापूनही हे वाक्य तितकेच कळत असेल, तर तो काढून टाकावा.

तपासणीसाठी कथा ठाऊक नसलेल्या माणसाला कच्चे संकलन दाखवतात आणि उडीनंतर पाच सेकंदांनी थांबवून ‘हे कोण, कधीचे?’ असे विचारतात. उत्तर चुकले तर दोष बहुधा उडीच्या आधीच्या चित्रात सापडतो. ‘तीस वर्षांपूर्वी’ अशी पाटी टाकून फक्त ‘कधी’ सुटते.