तळटीप : मानांकन आणि ड्रॉ

१. मानांकन, ड्रॉ – उदगीर भागातल्या जत्रेत कुस्तीच्या फडात तोडीस तोड जोड लावतात. टेनिसमध्ये नेमके उलटे असते: तगडे खेळाडू सुरुवातीला एकमेकांपासून लांब ठेवले जातात. पुण्यात बालेवाडीला २०१८ साली झालेली महाराष्ट्र ओपन पाहा. खेळाडू २८, तक्त्यात जागा ३२. जागतिक क्रमवारीनुसार आठ जणांना मानांकन मिळते. पहिला मानांकित मारिन चिलिच तक्त्याच्या पहिल्या ओळीवर, दुसरा केव्हिन अँडरसन शेवटच्या, म्हणजे ३२व्या ओळीवर. या दोन जागा ठरलेल्याच असतात, त्यामुळे दोघांची गाठ फक्त अंतिम सामन्यात पडू शकते. तिसरा आणि चौथा यांतला कोण वरच्या अर्ध्यात जाणार, हे चिठ्ठीने ठरते. पहिल्या-दुसऱ्याशी त्यांची गाठ उपांत्य फेरीआधी पडत नाही. पाचवा ते आठवा यांनाही चिठ्ठीनेच एकेक चतुर्थांश मिळतो. चार रिकाम्या जागांमुळे पहिल्या चौघांना ‘बाय’ मिळतो, म्हणजे पहिली फेरी न खेळताच ते दुसऱ्या फेरीत जातात.

बाकीचे सगळे निव्वळ चिठ्ठीने कुठेही पडतात, म्हणून बिगरमानांकिताची गाठ लवकरच बड्या खेळाडूशी पडू शकते. त्या वर्षी बिगरमानांकित झील सिमोंने उपांत्यपूर्व फेरीत रॉबर्टो बाउतिस्ता आगुतला, उपांत्य फेरीत चिलिचला आणि अंतिम सामन्यात अँडरसनला ७-६, ६-२ असे हरवले. मानांकनाने भेट लांबते. ती होईलच याची हमी मिळत नाही. – संपा.