मराठी बायबलमधील ‘देव’ : वचन व निश्चितता

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने बायबलचा मराठी अनुवाद सुरू झाला. इंग्रजीत ‘गॉड’ व ‘गॉड्स’ हा भेद प्रत्ययाने दिसतो. मराठीत ‘देव’ हे रूप दोन्ही वचनांत सारखेच राहते व भेद क्रियापदावर येतो. परंतु आदरार्थी बहुवचनामुळे ‘देव उतरले’ यावरून देव एक की अनेक, हे कळत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात लुस्त्र येथील लोक पौल व बर्णबा या दोघांना देव समजतात. तेथे अनेकत्व स्पष्ट हवे. मराठी बायबलमध्ये ईश्वरासाठी एकवचनी क्रियापद रूढ झाले, म्हणून ‘उतरला’ व ‘उतरले’ यांतील अंतर शाबूत राहिले. (संतांनीही विठ्ठलास एकवचनीच हाक मारली होती; तेव्हा वाचकास हे उद्धट वाटण्याचे कारण नव्हते.)

निश्चिततेचा प्रश्न निराळा. १७ व्या अध्यायात अथेन्समधील एका वेदीवरील लेखाचा उल्लेख आहे. मूळ ग्रीकमध्ये तेथे उपपद नाही. १६११ च्या इंग्रजी अनुवादाने ‘दि’ घातले, तर १८८१ च्या सुधारित आवृत्तीने ‘ॲन’. मराठीत ‘अज्ञात देवाला’ एवढेच पुरते. ‘त्या’ घातल्यास पूर्वी उल्लेखिलेला देव सूचित होतो आणि ‘एका’ घातल्यास अनेकांपैकी कोणी एक.