निर्बंधाखालील बँक: काढता येणारी रक्कम आणि ठेव विम्याची भरपाई

रिझर्व्ह बँक एखाद्या बँकेवर तात्पुरते निर्बंध घालते तेव्हा ठेवीदाराच्या हाती दोन वेगळ्या वाटांनी पैसे येतात. पहिली रक्कम बँक स्वतःच्या तिजोरीतून देते. तिची मर्यादा रिझर्व्ह बँक ठरवते आणि ती कधी शून्यही असते. दुसरी रक्कम ठेव विमा आणि पतहमी महामंडळ, म्हणजेच डीआयसीजीसी, देते; तिची कमाल मर्यादा 5 लाख रुपये आहे. दिघी, भोसरी, पिंपरी भागातल्या ठेवीदारांना या फरकाचा अर्थ पिंपरीत मुख्यालय असलेल्या सेवा विकास सहकारी बँकेच्या प्रकरणात कळला. रिझर्व्ह बँकेने 10 ऑक्टोबर 2022 रोजी तिचा परवाना रद्द केला. मात्र त्याआधीच, 14 सप्टेंबर 2022 पर्यंत, महामंडळाने तिच्या ठेवीदारांना 152.36 कोटी रुपये दिले होते. बँकेने दिलेल्या माहितीनुसार सुमारे 99 टक्के ठेवीदारांची संपूर्ण ठेव विम्याच्या मर्यादेत बसत होती.

निर्बंध बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली घातले जातात. सहकारी बँकांना ते कलम 56 सोबत वाचून लागू होते. मुदत बहुधा सहा महिन्यांची असते आणि ती पुढे वाढवता येते. या काळात रिझर्व्ह बँकेच्या लेखी परवानगीशिवाय बँकेला नवे कर्ज देता येत नाही, नव्या ठेवी घेता येत नाहीत आणि मालमत्ता विकता येत नाही. पगार, भाडे, वीजबिल असे आवश्यक खर्च तेवढे करता येतात. परवाना मात्र कायम असतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात हे स्पष्ट लिहिलेले असते. निर्बंध लागले म्हणजे बँक बुडालीच, असे शाखेबाहेरच्या गर्दीला वाटते तेव्हा हेच वाक्य तिच्या नजरेतून निसटलेले असते.

पैसे काढण्याची मर्यादा बँकेच्या हाती किती रोकड आहे यावर ठरते आणि ती वरखाली होत राहते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर, म्हणजेच पीएमसीवर, 23 सप्टेंबर 2019 रोजी निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. तीनच दिवसांत ही मर्यादा 10,000 झाली, मग 25,000, 40,000, 50,000 आणि जून 2020 मध्ये 1 लाख. न्यू इंडिया सहकारी बँकेची सुरुवात शून्यापासून झाली. 13 फेब्रुवारी 2025 रोजी तिच्या ठेवीदारांना एक रुपयाही काढता येत नव्हता, आणि 27 फेब्रुवारीपासून 25,000 रुपयांपर्यंत मुभा मिळाली. पत्रकातला मर्यादेचा आकडा वाचताना ती दर खात्यामागे आहे की सर्व खाती मिळून दर ठेवीदारामागे, हे आधी पाहावे. मुदतठेव मोडून मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. एटीएम चालू असले तरी मर्यादा तीच राहते.

विम्याची वाट पूर्वी फार लांब होती. परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत महामंडळ काही देत नसे. निर्बंध वर्षानुवर्षे वाढत गेले तर विमा असूनही ठेवीदाराच्या हाती काही येत नसे. पुण्यातल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध लागले आणि परवाना 2022 मध्ये रद्द झाला. साडेनऊ वर्षांच्या या काळात कित्येकांची निवृत्ती, आजारपणे आणि मुलांची शिक्षणे पार पडली. ठेव विमा कायद्यातील दुरुस्ती 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झाली आणि कलम 18अ आले, म्हणूनच रुपीच्या ठेवीदारांना परवाना रद्द होण्याआधी पैसे मिळाले. 18 मे 2022 पर्यंत ही रक्कम 700.44 कोटी रुपये होती. या विषयातली सर्वांत मोठी सुधारणा हीच आहे, आणि ती फार उशिरा झाली.

कलम 18अ प्रमाणे निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत पैसे मिळायला हवेत. पहिल्या 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची. पुढच्या 30 दिवसांत महामंडळ ती तपासते आणि उरलेल्या 15 दिवसांत रक्कम देते. न्यू इंडियाच्या तारखांवर हे मांडले तर यादीचा शेवटचा दिवस 30 मार्च 2025 आणि भरपाईचा 14 मे 2025 येतो. बँकेचे विलीनीकरण किंवा पुनर्रचना चालू असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी 90 दिवस लांबवू शकते.

यादीत नाव आपोआप येत नाही. विमा रक्कम घ्यायची तयारी असल्याचा अर्ज ठेवीदाराने बँकेत द्यावा लागतो. त्यासोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतील स्वतःच्या नावाच्या खात्याचा तपशील लागतो, कारण पैसे तिकडे जमा होतात. घोळ बहुतेक इथेच होतो. नाव आधारवर वेगळे आणि पासबुकावर वेगळे असते, किंवा केवायसी कधीच अद्ययावत केलेली नसते. असा दावा तपासणीत अडकतो. सेवा विकासचे 152.36 कोटीही अर्ज दिलेल्या ठेवीदारांनाच मिळाले होते. जो अर्ज करत नाही, त्याचा विम्याचा हक्क जात नाही. पण मग परवाना रद्द झाल्यावर अवसायक यादी पाठवेपर्यंत थांबावे लागते.

एका काल्पनिक कुटुंबाचा हिशेब पाहू. दिघीतल्या एका कामगाराच्या एकट्याच्या नावावर बचत खात्यात 1,20,000 आणि मुदतठेवीत निर्बंधाच्या दिवसापर्यंतच्या व्याजासह 3,90,000 रुपये आहेत. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत पत्नीचे नाव पहिले असलेल्या संयुक्त ठेवीत 3,00,000 आहेत. त्याने घेतलेल्या सोनेतारण कर्जाचे 40,000 बाकी आहेत. त्याच्या एकट्याच्या नावावरची खाती एकत्र धरली जातात, मग ती किती शाखांत विखुरलेली आहेत याला अर्थ नसतो. बेरीज 5,10,000 झाली. त्यातून कर्जाचे 40,000 वजा झाल्यावर 4,70,000 उरतात, आणि ही रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने पूर्ण मिळते. कर्ज नसते तर 10,000 मर्यादेबाहेर राहिले असते. संयुक्त ठेव वेगळ्या नात्याने ठेवलेली असल्याने तिची 5 लाखांची मर्यादा वेगळी, म्हणून तिचे 3,00,000 स्वतंत्र मिळतात. एकाच मालकाचे दुकान किंवा वर्कशॉप असेल तर त्या नावाचे खाते मात्र मालकाच्या वैयक्तिक खात्यांतच मोजले जाते. भोसरी एमआयडीसीतल्या लहान कारखानदारांनी हे आधीच जाणून घ्यावे.

5 लाखांवरच्या रकमेचे काय होते, ते बँकेच्या पुढच्या वाटेवर अवलंबून असते. पीएमसी 25 जानेवारी 2022 रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा मोठ्या वैयक्तिक ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याची योजना ठरली. न्यू इंडिया 4 ऑगस्ट 2025 रोजी सारस्वत बँकेत विलीन झाली आणि तिच्या ठेवी सारस्वतकडे गेल्या. परवानाच रद्द झाला तर वरची रक्कम अवसायक कर्जवसुली आणि मालमत्ताविक्री करेल त्यावर अवलंबून राहते. त्याच वसुलीतून महामंडळालाही आपले पैसे परत घ्यायचे असतात.

विम्याची मर्यादा 1993 पासून 1 लाख होती, ती 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाली. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून काही घेतले जात नाही. बँकेचे भागभांडवल या विम्यात येत नाही, त्यामुळे कर्ज घेताना कापून घेतलेले भाग परत मिळतील असे धरू नये. पतसंस्थांनाही हा विमा नाही. नावात ‘सहकारी’ असले तरी पतसंस्था ही बँक नव्हे. ठेव ठेवण्यापूर्वी शाखेत ठेव विम्याचा फलक आहे का ते पाहा, आणि आपली केवायसी आजच पूर्ण करून घ्या.