सुरुवातीचा गर्भपात : रक्तस्राव आजचा, कारण पंधरवड्यापूर्वीचे

गर्भधारणेच्या पहिल्या बारा-तेरा आठवड्यांत गर्भ आपोआप नष्ट होणे, यास वैद्यकात सुरुवातीचा गर्भपात म्हणतात. आठवडे मोजले जातात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंतच्या अशा घटनेस 'गर्भस्राव' आणि त्यानंतरच्या घटनेस 'गर्भपात' अशी निरनिराळी नावे आहेत. आजच्या मराठीत मात्र आपोआप झालेला आणि इच्छेने करवून घेतलेला, अशा दोन्हींसाठी 'गर्भपात' हा एकच शब्द रूढ झाला आहे. दवाखान्याच्या कागदावर 'ॲबॉर्शन' हा शब्द वाचून एखाद्या घरात संशयाचे वातावरण निर्माण होते, त्यामागे भाषेतील ही गल्लतही असते.

ही घटना समजली जाते तितकी विरळ नाही. दिवस गेल्याचे निश्चित झाल्यानंतर साधारणपणे दर सात-आठ गर्भधारणांपैकी एक अशा रीतीने संपते आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या तीन महिन्यांतच संपतात. पाळी चुकण्याच्या सुमारासच संपणाऱ्या गर्भधारणा यात धरलेल्या नाहीत. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांच्या लघवीची दररोज तपासणी करण्यात आली. त्यांत आढळलेल्या १९८ गर्भधारणांपैकी २२ टक्के गर्भधारणा कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच संपल्या होत्या. पाळी चार दिवस उशिरा आली, एवढेच काय ते त्या स्त्रीला जाणवले असावे.

मग कारण काय? गर्भपातानंतर घराघरांतून त्याचा शोध घेतला जातो तो आदल्या दोन-चार दिवसांत. एसटीचा प्रवास, पाण्याने भरलेली कळशी, जिन्याची चढ-उतार, पपईची फोड, नाही तर कोणाची दृष्ट. हा शोध मुळातच चुकीच्या ठिकाणी चालू असतो. ते कसे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, नियमित अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या एका स्त्रीची शेवटची पाळी १ जूनला आली. १ ऑगस्टला ती साताऱ्याहून कोल्हापूरला एसटीने जाऊन आली. ३ ऑगस्टला, म्हणजे नऊ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, रक्तस्राव सुरू झाला. ४ तारखेच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ८ मिलिमीटर भरली आणि हृदयाचे ठोके आढळले नाहीत. घरातील सर्वांनी दोष प्रवासाला दिला. परंतु नऊ आठवड्यांचा गर्भ २२-२३ मिलिमीटरांच्या आसपास असावयास हवा. ८ मिलिमीटर ही लांबी पावणेसात आठवड्यांच्या सुमारास असते. याचा अर्थ गर्भाची वाढ १८ जुलैच्या आसपासच थांबली होती. एसटीत बसताना त्या स्त्रीच्या पोटातील गर्भ दोन आठवड्यांपूर्वीच निर्जीव झालेला होता, आणि प्रवास रद्द केला असता तरीही रक्तस्राव व्हावयाचा तो झालाच असता.

वाढ थांबल्यावर रक्तस्राव तत्काळ का होत नाही? गर्भाचा जीव गेला तरी वारेच्या पेशी काही काळ संप्रेरके निर्माण करीत राहतात. त्यामुळे मळमळ चालू राहू शकते, आणि लघवीची चाचणीही 'आहे' असेच सांगते. संप्रेरकांची पातळी पुरेशी उतरली की मगच गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते. या मधल्या काळात सोनोग्राफी झाली तर डॉक्टर 'मिस्ड ॲबॉर्शन' असे निदान करतात. असे निदान घाईने होऊ नये, यासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसतील, तरच एका तपासणीत निश्चित सांगता येते. लांबी त्याहून कमी असेल तर किमान आठवडाभराने पुन्हा पाहावे लागते, कारण बीज उशिरा बाहेर पडले असल्यास गर्भ केवळ वयाने लहान असू शकतो.

वाढ थांबण्याचे कारण निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांत सापडते. मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. बीज तयार होताना जोडी नीट विभागली गेली नाही, तर गर्भाला एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी मिळते. सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे हा दोष गर्भपातांत वारंवार आढळतो. सर्व पेशींत तो असलेले मूल मात्र जन्माला येत नाही, कारण अशा गर्भाची वाढ प्रारंभीच खुंटते. ही विभागणी स्त्री स्वतः तिच्या आईच्या उदरात असतानाच सुरू होऊन थांबलेली असते आणि कित्येक वर्षांनी, बीज बाहेर पडण्याच्या वेळी, पुढे सरकते. जितकी वर्षे अधिक, तितकी चुकीची शक्यता अधिक. नॉर्वेतील २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात गर्भपाताचे प्रमाण २५ ते २९ या वयोगटात सुमारे १० टक्के, तर ४५ नंतर ५० टक्क्यांच्या वर आढळले. उरलेल्या गर्भपातांत अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचे विकार, रक्त गोठण्याशी संबंधित काही दोष, गर्भाशयातील पडदा अशी कारणे असू शकतात. धूम्रपान आणि मद्यपान यांनीही धोका वाढतो.

पपईविषयीचा समज संपूर्णपणे निराधार नाही. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे आकुंचन झाल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. पिकलेल्या पपईच्या रसाने तसे झाले नाही. कच्ची पपई टाळण्यास कोणाची हरकत नसावी. पण पिकलेल्या फोडीवर खापर फोडण्यास आधार नाही. घरातील नेहमीची कामे, शरीरसंबंध किंवा पूर्वी घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांनाही तो नाही.

अंथरुणावर पडून राहण्याच्या सल्ल्याचे मोठेपण मात्र कायम आहे. पहिल्या तिमाहीत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या गर्भवतींना थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गर्भ पुढे सुखरूप वाढतात. त्या काळात जिने विश्रांती घेतली, तिचे मूल विश्रांतीमुळे वाचले असे मानले जाते. विश्रांतीने गर्भपात टळतो, असा पुरावा चाचण्यांतून मिळालेला नाही. प्रोजेस्टेरॉनचे स्थान थोडे निराळे आहे. ब्रिटनमध्ये सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांवरील २०१९ च्या चाचणीत या औषधाने ७५ टक्के, तर औषधाविना ७२ टक्के गर्भधारणा यशस्वी झाल्या. हा फरक निर्णायक नव्हता. पूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रियांत मात्र लाभ अधिक दिसला. गुणसूत्रांचा दोष असलेला गर्भ कोणत्याही इंजेक्शनाने टिकत नाही.

एका गर्भपातानंतर विशेष तपासण्यांची बहुधा गरज नसते, कारण पुढची गर्भधारणा बहुतेकींची नीट पार पडते. दोन किंवा तीन गर्भपात झाल्यास पती-पत्नी दोघांचीही तपासणी व्हावी. रक्तस्राव इतका असेल की लागोपाठ दोन तास दर तासाला दोन पॅड भिजतात, किंवा ताप येत असेल, तर थांबू नये. पोटात एका बाजूस तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी कळ आणि भोवळ ही लक्षणे गर्भ गर्भनलिकेत राहिल्याची असू शकतात; तेथे रक्तस्राव पोटाच्या आत होतो, बाहेर फारसा दिसत नाही, आणि त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे लागते.