वाक्यांचा क्रम लावणे

वाक्यांचा क्रम लावणे (अन्य नावे: विस्कळीत परिच्छेद, वाक्यक्रम जुळवणे) हा भाषाभ्यासातील एक प्रश्नप्रकार आहे. यात एकाच परिच्छेदातील चार ते सात वाक्ये उलटसुलट क्रमाने दिलेली असतात आणि त्यांचा अर्थपूर्ण क्रम ओळखायचा असतो. शालेय मराठीच्या सरावात तसेच स्पर्धा परीक्षांच्या भाषा विभागात हा प्रकार आढळतो. क्रम ठरवण्यासाठी अर्थाबरोबरच सर्वनामे, दर्शक विशेषणे आणि वाक्ये जोडणारी अव्यये यांचा आधार घेतला जातो.

## सर्वनामांची खूण

सर्वनाम ज्या नामाऐवजी येते, ते नाम सामान्यतः आधीच्या वाक्यात आलेले असते. मराठीत 'तो, ती, ते' आणि 'हा, ही, हे' ही सर्वनामे नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. त्यामुळे 'तिच्यावर' हे रूप दिसताच आधीच्या वाक्यात स्त्रीलिंगी एकवचनी नाम शोधावे लागते आणि इतर बरीच नामे आपोआप गळतात.

तथापि ही खूण सर्वत्र सारखीच नेमकी नसते. 'ते' हे नपुंसकलिंगी एकवचन आहे, तसेच पुल्लिंगी अनेकवचनही आहे. 'ती' हे स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन या दोन्हींसाठी येते. विभक्तिप्रत्यय लागल्यावर 'तो' आणि 'ते' या दोहोंचे सामान्यरूप 'त्या-' असे होते, म्हणून 'त्याला' या रूपावरून पुल्लिंग व नपुंसकलिंग वेगळे करता येत नाही. आदरार्थी अनेकवचनामुळे 'त्यांनी' हे रूप एका व्यक्तीसाठीही येते आणि अनेकांसाठीही. क्रियापदाची मदत नेहमीच मिळते असे नाही. 'त्यांनी कविता लिहिली' या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून त्यावरून कर्त्याचे लिंग वा वचन कळत नाही.

'हा' आणि 'तो' यांतील फरकही उपयोगी पडतो. 'या धरणातून' अशा शब्दप्रयोगातील 'या' नुकत्याच उल्लेखिलेल्या गोष्टीकडे निर्देश करते. दोहोंमध्ये अनेक वाक्ये आल्यास ते खटकते.

## जोडणाऱ्या शब्दांची खूण

उभयान्वयी अव्यये आणि तत्सम शब्द दोन वाक्यांतील संबंधाचा प्रकार सांगतात. 'शिवाय', 'तसेच' हे भर घालतात. 'पण', 'परंतु', 'मात्र' हे विरोध दाखवतात. 'म्हणून', 'त्यामुळे' हे परिणाम सांगतात. 'कारण' हा शब्द मात्र उलट दिशेने चालतो. 'म्हणून' असल्यास कारण आधी आणि परिणाम नंतर येतो, तर 'कारण' असल्यास परिणाम आधी आणि त्याचे कारण नंतर येते. या दिशेकडे दुर्लक्ष झाल्याने योग्य जोडी सापडूनही तिचा क्रम उलटा लागू शकतो.

जोडणारा शब्द संबंध सांगतो, शेजारी कोण ते सांगत नाही. 'त्यामुळे' हा शब्द कोणत्याही विधानानंतर व्याकरणदृष्ट्या बसतो. आधीचे विधान खरोखर कारण ठरते की नाही, हे अर्थावरूनच तपासावे लागते.

## उदाहरण

पुढील सहा वाक्ये नाशिकच्या गोदावरीविषयी आहेत.

अ) या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात.
आ) मात्र पावसाळ्यात ते भरत आले की जादा पाणी नदीपात्रात सोडावे लागते.
इ) गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगरावर उगम पावते.
ई) त्यामुळे रामकुंड परिसरात पाणी वाढते आणि दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडू लागते.
उ) या धरणातून शहराला पिण्याचे पाणी मिळते.
ऊ) तेथून ती पूर्वेकडे वाहत येते आणि नाशिक शहराच्या अलीकडे तिच्यावर गंगापूर धरण बांधलेले आहे.

आरंभीचे वाक्य : अ, आ, ई, उ आणि ऊ या पाचही वाक्यांत मागे बोट दाखवणारा शब्द आहे. केवळ इ स्वतंत्रपणे उभे राहते, म्हणून ते पहिले.

पक्क्या जोड्या : ऊ मधील 'ती' व 'तिच्यावर' यांना स्त्रीलिंगी एकवचनी नाम हवे. 'नदी' (इ) आणि 'मूर्ती' (ई) ही दोन्ही तशी आहेत, पण वाहत येते ती नदी. 'तेथून' हा शब्दही ब्रह्मगिरीशी जुळतो. म्हणून इ–ऊ. उ मधील 'या धरणातून' ला धरणाचा नुकताच झालेला उल्लेख हवा, तो ऊ मध्ये आहे. म्हणून ऊ–उ. 'मूर्ती' हे नाम प्रथम ई मध्ये येते, म्हणून ई–अ.

संदिग्ध जागा : आ मधील 'ते' नपुंसकलिंगी आहे. धरण, पाणी, शहर ही तिन्ही नामे नपुंसकलिंगी असल्याने येथे केवळ लिंग पुरत नाही. 'भरत आले' या क्रियापदामुळे 'ते' म्हणजे धरण हे ठरते. आता आ हे ऊ नंतर यावे की उ नंतर, हा प्रश्न उरतो. 'मात्र' साठी विरोध हवा. धरण बांधलेले आहे आणि जादा पाणी सोडावे लागते, यांत विरोध नाही. धरणाचा लाभ आणि त्यापुढची अडचण यांत मात्र तो आहे. म्हणून उ–आ.

उरलेला सांधा : ई मधील 'त्यामुळे' ला रामकुंडाचे पाणी वाढण्याचे कारण हवे आणि ते आ मध्ये आहे. येथील 'त्या-' एखाद्या नामाकडे नव्हे, तर आधीच्या संपूर्ण घटनेकडे निर्देश करते.

योग्य क्रम : इ–ऊ–उ–आ–ई–अ.

## मर्यादा

आरंभीच्या वाक्यात सर्वनाम नसते, हा नियम निरपवाद नाही. कथेची सुरुवात 'ही गोष्ट फार जुनी आहे' अशी होऊ शकते. येथे 'ही' पुढे येणाऱ्या मजकुराकडे निर्देश करते. 'ते असे की', 'पुढीलप्रमाणे' हे शब्दही पुढेच पाहतात.

दुसरी मर्यादा प्रश्न तयार करण्यातील आहे. वरील उदाहरणात उ मधील 'या धरणातून' च्या जागी 'गंगापूर धरणातून' असे लिहिले आणि आ मधील 'मात्र' काढून टाकले, तर उ चे स्थान सैल होते. ते ऊ नंतर येऊ शकते आणि परिच्छेदाच्या शेवटीही येऊ शकते. अशा प्रश्नाला एकच उत्तर बरोबर धरल्यास दुसऱ्या सयुक्तिक क्रमाचे गुण विनाकारण जातात. म्हणून प्रश्न तयार करताना प्रत्येक वाक्य आळीपाळीने इतर जागी ठेवून वाचले जाते. ज्या वाक्याला दुसरी जागाही शोभते, त्यात सर्वनाम किंवा जोडणारा शब्द घालून ते बांधून घ्यावे लागते.