हवामानाधारित सागरी मार्गनिवड

समुद्र ओलांडताना पुढील काही दिवसांत वारा, लाटा आणि वादळे कुठे असतील याचा अंदाज घेऊन जहाजाचा मार्ग ठरवण्याच्या आणि प्रवासात तो बदलत राहण्याच्या पद्धतीला हवामानाधारित मार्गनिवड म्हणतात. नकाशावर सर्वांत जवळचा दिसणारा मार्ग नेहमी सर्वांत लवकर पोचवत नाही. समोरून येणाऱ्या मोठ्या लाटांत जहाजाचा वेग निम्म्यावरही येतो. त्यामुळे वळसा घालून शांत पाण्यातून जाणारे जहाज कधी कधी आधी पोचते, आणि माल व माणसेही सुखरूप राहतात.

यामागची जुनी रीत ऋतुमानावर आधारलेली होती. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात घालायच्या, हा त्याच रीतीचा एक प्रकार. १८४७ पासून अमेरिकी नौदलातील मॅथ्यू मॉरी यांनी जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वारे व प्रवाह यांचे नकाशे काढले. मात्र कोणत्या महिन्यात सहसा काय घडते, एवढेच ते सांगत. येत्या गुरुवारी काय घडेल, हे कळायला हवामानाची गणिती मॉडेले यावी लागली. १९५७ मध्ये आर. डब्ल्यू. जेम्स यांनी लाटांच्या अंदाजावरून मार्ग काढण्याची जी रीत मांडली, तिचे मूळ तत्त्व आजच्या संगणकप्रणालींतही आहे.

ही रीत समकालरेषांची. निघण्याच्या बंदरापासून जहाज वेगवेगळ्या दिशांना सोडले, अशी कल्पना करायची. प्रत्येक दिशेला त्या वेळच्या लाटा व वारा पाहून सहा तासांत ते कुठवर जाईल ते मांडायचे आणि ती टोके जोडायची. ही झाली पहिली समकालरेषा. तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूपासून पुन्हा तसेच करायचे, मात्र या वेळी पुढच्या सहा तासांचा अंदाज वापरायचा. रेषा मुक्कामाच्या बंदराला टेकली की उलट मागे जात मार्ग उलगडायचा. वादळाचा पट्टा बंद क्षेत्र म्हणून आधीच आखलेला असला, तर रेषा आपोआप त्याला वळसा घालते. यासाठी प्रत्येक जहाजाच्या वेगाचा तक्ता लागतो: किती उंचीच्या, कोणत्या बाजूने येणाऱ्या लाटांत ते किती नॉट जाते. शिडाच्या बोटीसाठी हाच तक्ता वाऱ्याच्या वेगावर व कोनावर बेततात. तक्ता चुकला की पुढचे सारे गणित चुकते.

अंदाज येतात अमेरिकेच्या जीएफएस किंवा युरोपीय केंद्राच्या मॉडेलांमधून. जीएफएस दिवसातून चार वेळा चालते. सुरुवातीच्या निरीक्षणांपासून निकाल हाती येईपर्यंत काही तास जातात, त्यामुळे जहाजावर पोचलेली ताजी फाईलही तितके तास जुनी असते. मार्गनिवड करणाऱ्याने सर्वांत आधी हीच गोष्ट पाहावी. फाईल केव्हा उतरली हे नव्हे, तर तिच्यातला अंदाज कोणत्या वेळेच्या निरीक्षणांवर उभा आहे. दुसरी मर्यादा जाळीची. फाईलमध्ये वारा सहसा पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरच्या अंतराने दिलेला असतो. चक्रीवादळाच्या गाभ्यातला सर्वांत प्रचंड वारा याहूनही अरुंद पट्ट्यात असू शकतो, त्यामुळे तो या जाळीत बोथट होऊन दिसतो. म्हणून चक्रीवादळासाठी मॉडेलच्या रंगीत नकाशावर न विसंबता अधिकृत केंद्राचे इशारे वाचतात. अटलांटिकमध्ये हे काम मायामीचे हरिकेन केंद्र करते, तर अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरासाठी दिल्लीचा हवामान विभाग.

इशाऱ्यातला मार्गही चुकतो, म्हणून खलाशी १-२-३ नियम वापरतात. वादळाच्या केंद्राच्या अंदाजित जागेत २४ तासांसाठी १००, ४८ तासांसाठी २०० आणि ७२ तासांसाठी ३०० सागरी मैलांची चूक धरायची. तीत ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर वाऱ्याची त्रिज्या मिळवायची. समजा, ४८ तासांनंतर ही त्रिज्या १२० मैल असेल असा अंदाज आहे. मग त्या वेळी केंद्राभोवती ३२० मैल त्रिज्येचे वर्तुळ टाळायचे. जहाजाची त्या क्षणाची जागा वर्तुळात पडत असेल, तर तो मार्ग सोडून द्यायचा, भले वादळ वळणार असे अंदाज म्हणत असो.

हे वर्तुळ आणि अंदाजाचे वय, या दोन्ही गोष्टी निसटल्या की काय होते, हे ‘एल फारो’ या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या प्रवासात दिसते. २९ सप्टेंबर २०१५ च्या रात्री ते फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलहून पोर्तो रिकोतील सान हुआनकडे निघाले. बहामाच्या पूर्वेला ‘होआकिन’ हे वादळ तयार होत होते. ते लवकरच उत्तरेकडे वळेल असा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते नैर्ऋत्येला, बहामा बेटांकडे सरकत गेले आणि झपाट्याने तीव्र झाले. क्युबाजवळच्या जुन्या बहामा सामुद्रधुनीतून जाण्याचा पर्याय होता. त्यात वादळ दूर राहिले असते, पण अंतर दीडशेहून अधिक मैलांनी वाढले असते, म्हणजे वीस नॉटच्या जहाजाला आठएक तास जास्त. कप्तानाने नेहमीचा मार्ग किंचित दक्षिणेकडे झुकवून कायम ठेवला.

जहाजावर अंदाज दोन वाटांनी येत होते. एक, उपग्रहावरून येणारा हरिकेन केंद्राचा साधा मजकूर. दुसरी, मार्गनिवडीच्या प्रणालीची सुबक चित्रमय फाईल. चित्र तयार होऊन येईपर्यंत मजकूर पुढे गेलेला असे, आणि एका वेळी फाईलमध्ये आधीचीच माहिती पुन्हा आली. कप्तान मुख्यतः चित्रावर विसंबला होता, आणि त्यातली वादळाची माहिती एका टप्प्यावर २१ तासांपर्यंत जुनी होती. रात्री कप्तान ब्रिजवर नसताना तिथल्या अधिकाऱ्यांना ताज्या मजकुरावरून वादळाची जागा वेगळी दिसत होती. दोघांनी त्याला फोन करून कळवले आणि एकीने दक्षिणेला वळण्याचा पर्याय सुचवला, पण मार्ग बदलला नाही. १ ऑक्टोबरच्या सकाळी क्रुकेड बेटाजवळ, वादळाच्या गाभ्याशेजारी, जहाज एका बाजूला कलले. वंगणतेलाचा पुरवठा तुटून इंजिन बंद पडले आणि जहाज बुडाले. ३३ जण गेले. पुढच्या वर्षी सुमारे ४,६०० मीटर खोलीवरून नोंदयंत्र काढण्यात आले आणि ब्रिजवरील हे बोलणे लिखित रूपात जगापुढे आले.

दोन अंदाज जुळत नसतील तर त्यांची सरासरी काढायची नसते. ज्याचा पाया ताजा, तो घ्यायचा आणि जहाजावरच्या निरीक्षणाने पडताळायचा. बॅरोमीटर अंदाजापेक्षा वेगाने उतरत असेल, वारा नकाशात दाखवलेल्या दिशेने न येता सतत दिशा बदलत असेल किंवा अनपेक्षित बाजूने लांब, संथ लाट येऊ लागली असेल, तर वादळ फाईलमधल्या जागी नाही. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास केंद्र साधारणपणे उजव्या हाताला व थोडे मागे असते, दक्षिण गोलार्धात डाव्या. वादळाच्या वाटचालीच्या उजवीकडचा अर्धा भाग (दक्षिणेत डावीकडचा) अधिक धोक्याचा, कारण तिथे वारा जहाजाला वादळाच्या पुढच्या वाटेकडे ढकलतो. पाच-सात दिवसांपलीकडचा मार्ग तात्पुरता समजतात. निघताना आखलेली रेषा नवा अंदाज आला की जहाजाच्या त्या वेळच्या जागेपासून पुन्हा काढतात. वळण घ्यायला अजून मोकळे पाणी आहे की बेटे, उथळ भाग वा किनारा आडवे येतात, हेही त्याच वेळी पाहिले जाते.