टीव्हीवर पाहिलेली गायिका आठवते, पण नाव आठवत नाही? असा घ्या शोध

‘नव्वदच्या दशकातलं गाणं होतं, कॉलेजच्या स्टेजवर कठपुतळ्यांचा खेळ होता आणि बारीक केस कापलेली, शर्ट-पँट घातलेली कुणीतरी गात होती.’ एवढ्याशा आठवणीवरून नाव सापडू शकतं का? हो, पण सुरुवात केसांपासून नको.

आधी कार्यक्रमाचा प्रकार ओळखा

सूत्रसंचालक होता का? परीक्षक, गुण, प्रेक्षक दिसत होते का? यातलं काहीच आठवत नसेल आणि गाण्यातच छोटीशी गोष्ट घडत असेल, तर तो बहुधा म्युझिक व्हिडिओ होता. मग रिअ‍ॅलिटी शोचे स्पर्धक शोधण्यात वेळ घालवू नका. भारतात चॅनल व्ही 1994 मध्ये आणि एमटीव्ही 1996 मध्ये सुरू झालं. त्यामुळे काळही बराच आवाक्यात येतो.

सर्चमध्ये काय टाकायचं?

‘शॉर्ट हेअर सिंगर’ टाकलं तर शेकडो नावं येतील. त्यापेक्षा व्हिडिओतली वेगळी गोष्ट टाका:

`90s hindi pop song puppet show college video`

हा माग फाल्गुनी पाठक यांच्या 1999 च्या ‘मैंने पायल है छनकाई’ या गाण्यापर्यंत पोहोचतो. नवरात्रीत मुंबईत त्यांच्या तालावर दांडिया खेळलेल्यांना तो शर्ट-पँटचा पेहराव लगेच ओळखू येईल.

इथे गल्लत होते

पहिली गल्लत चेहऱ्याची. म्युझिक चॅनलवर गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी जी पट्टी यायची, तिच्यावर गाणं, गायक आणि अल्बमचं नाव असायचं, अभिनय करणाऱ्यांचं सहसा नसायचं. त्यामुळे व्हिडिओतली मुलगीच गायिका, असा अनेकांचा समज व्हायचा. ‘मैंने पायल है छनकाई’मध्ये अभिनय केला तो निखिला पलट आणि विवान भटेना यांनी. म्हणून ‘आवाज कुणाचा?’ आणि ‘चेहरा कुणाचा?’ हे दोन प्रश्न वेगळे शोधा.

दुसरी गल्लत रिमेकची. याच गाण्यावरून 2022 मध्ये नेहा कक्कर यांचं ‘ओ सजना’ आलं. सर्चमध्ये नवं गाणं आधी दिसू शकतं. व्हिडिओखालची तारीख तो अपलोड झाल्याची असते, गाणं आल्याची नव्हे. त्यामुळे अल्बमचं वर्ष वेगळं तपासा.

तिसरी गल्लत आपल्याच डोक्यातली. फाल्गुनी यांच्याच ‘याद पिया की आने लगी’च्या 1998 च्या व्हिडिओत रिया सेन होत्या. एकाच गायिकेचे दोन व्हिडिओ आठवणीत सहज मिसळतात.

सापडलं, हे कसं ठरवायचं?

सर्चमध्ये न वापरलेली एखादी खूण आधीच कागदावर लिहून ठेवा. गाण्याची चाल, शेवटचा प्रसंग, काहीही चालेल. व्हिडिओ पाहताना ती खूण जुळली, तर नाव पक्कं समजा. फक्त केस आणि कपडे जुळले, तर शोध अजून संपलेला नाही.